अवजलातला कस

प्रश्न : आमचं गाव चिपळूण तालुक्यात, वाशिष्ठीच्या काठावर. कोयनेच्या वीजगृहांतून सुटणारं पाणी, ज्याला इथे सगळे अवजल म्हणतात, ते आमच्या परड्यामागून वाहतं. आजोबांचं ठाम मत आहे की वीज काढून घेतलेल्या पाण्यात कस राहत नाही. त्यावर भाजी वाढते, पण अंग धरत नाही, असं ते म्हणतात. आजोळ घाटावर, पाटण तालुक्यात, धरणाच्या खाली कोयनेच्या काठी. तिथली म्हातारी माणसं सांगतात, की पूर्वी पावसाळ्याच्या तोंडाला खडशी मासा वर चढायचा, आता चढत नाही. पाण्यातून वीज नेमकी काढतात तरी कशी? ती काढल्यावर पाण्यातलं काय कमी होतं? आणि माशांनी धरणाचं काय घोडं मारलं?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आजोबांचं म्हणणं देशभर ऐकू येतं. मोठी धरणं झाली तेव्हा ठिकठिकाणच्या शेतकऱ्यांना हीच शंका आली होती. दुधातून लोणी काढलं की मागे ताक उरतं, तसं पाण्यातून वीज काढली की मागे काय उरत असेल? शास्त्र शिकलेले लोक यावर हसतात आणि मोकळे होतात. आपण हसू नये. आजोबांनी कारण चुकीचं सांगितलंय, पण त्यांचं निरीक्षण टाकाऊ नाही. ते कसं, ते पाहू.

पाण्यातून काय काढतात?

पाण्यात वीज नसते. वीजगृहात शिरणारं आणि बाहेर पडणारं पाणी रासायनिकदृष्ट्या एकच असतं. काढून घेतली जाते ती पाण्याची उंची. अरबी समुद्राचं पाणी उन्हानं वाफ होऊन वर गेलं, सह्याद्रीला अडलं आणि महाबळेश्वर-कोयनेच्या खोऱ्यात पाऊस होऊन पडलं. सूर्यानं फुकटात वर चढवून ठेवलेलं ते ओझं खाली उतरताना आपण त्याच्याकडून काम करून घेतो, एवढाच हा व्यवहार.

कोयना ही यासाठी अगदी खास जागा आहे. नदी महाबळेश्वरात उगम पावते आणि सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेकडे वाहते. हेळवाकजवळ ती पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. तिचं पाणी स्वाभाविकपणे बंगालच्या उपसागराचं. पण ती ज्या डोंगराच्या कडेनं वाहते त्याच्या पलीकडे लगेच कोकणचा कडा आहे. १९६४ साली पूर्ण झालेल्या, १०३ मीटर उंचीच्या धरणानं शिवाजीसागर हा जलाशय भरला. मग अभियंत्यांनी डोंगराला पश्चिमेकडून भोक पाडलं आणि पाणी पलीकडे पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरवलं. त्यामुळे धरणाची उंची १०३ मीटर असली, तरी पाण्याला पडायला मिळते ती सुमारे ४७५ मीटर. अभियंते या उंचीच्या फरकाला ‘हेड’ म्हणतात, आणि जलविद्युतचं सगळं अर्थकारण याच एका शब्दाभोवती फिरतं.

आता हिशेब करू. घराच्या गच्चीवर एक हजार लिटरची काळी टाकी असते, तेवढं पाणी घ्या. ते पोफळीला ४७५ मीटर खाली उतरलं, की घर्षण आणि यंत्रातली तूट वजा जाता साधारण १.१५ युनिट वीज मिळते. म्हणजे अख्ख्या टाकीच्या बदल्यात एक युनिट आणि वर थोडी चिल्लर. तीच टाकी धरणाच्या पायथ्याशी असलेल्या छोट्या वीजगृहातून पूर्वेकडे सोडली, तर हेड ७० मीटरच्या आसपासच मिळतं आणि वीज त्याच्या सातव्या हिश्शाइतकीच होते. पाणी पश्चिमेला वळवण्यामागचं गणित हे इतकं सरळ आहे. पोफळीच्या पहिल्या टप्प्यातला ७० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेनं चालवायचा, तर अशा सतरा टाक्या दर सेकंदाला उतरवाव्या लागतात.

ते पाणी चाक कसं फिरवतं?

जलाशयातून पाणी आधी साडेतीन किलोमीटरहून लांब, जवळपास सपाट बोगद्यानं डोंगराच्या पश्चिम कडेपर्यंत येतं. तिथून ते जवळजवळ उभ्या, पोलादी अस्तराच्या नळांतून खाली जातं. तळाशी त्याचा दाब वातावरणाच्या सुमारे ४७ पट होतो. नळाच्या टोकाला अरुंद तोटी असते. तिच्यातून सुटणाऱ्या झोताचा वेग हिशेबानं ताशी ३४० किलोमीटरच्या पुढे जातो.

हा झोत ज्या चाकावर आदळतो त्याला पेल्टन चाक म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या खाणींच्या भागात काम करणाऱ्या लेस्टर पेल्टन यांनी १८८० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. चाकाच्या परिघावर पोलादी वाट्यांच्या जोड्या बसवलेल्या असतात आणि प्रत्येक जोडीच्या मधोमध धारदार कणा असतो. झोत कण्यावर दुभंगतो, दोन्ही वाट्यांतून वळसा घेऊन जवळजवळ उलट दिशेला फिरतो. वाटीचा वेग झोताच्या निम्मा ठेवला, की परत फिरलेल्या पाण्याकडे वेगच शिल्लक राहत नाही. ताशी ३४० किलोमीटरनं आलेलं पाणी तिथल्या तिथे गळून पडतं. पाण्याची ‘शक्ती काढून घेतली’ असं म्हणायचं असेल, तर ती घटना इथे घडते.

चाकाच्याच दांड्यावर जनित्र असतं. मधे फिरणारे विद्युतचुंबक आणि भोवती स्थिर तांब्याची वेटोळी. चुंबक वेटोळ्यांसमोरून सरकला की तारेत प्रवाह वाहतो, हे फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलं. पण यातली खरी गंमत तुमच्या आजोबांना सायकलवरून समजावता येईल. जुन्या सायकलचा डायनॅमो चाकाला टेकवला, की दिवा लागायचा आणि त्याच क्षणी पायडल जड व्हायचं. तारेत वीज वाहू लागली, की तिचा स्वतःचा चुंबकी परिणाम फिरणाऱ्या चुंबकाला मागे ओढतो. संध्याकाळी शहरांत लाखो दिवे एकदम लागतात, तेव्हा पोफळीचं जनित्र असंच जड होतं. चाक मंदावू नये म्हणून नियंत्रक तोटीतली सुई मागे घेतो, जाडसर झोत सुटतो आणि वेग कायम राहतो.

म्हणजे बटण तुम्ही दाबता आणि जादा पाणी डोंगरातून सुटतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. नदीचं पुढे जे होतं, त्याची गुरुकिल्ली इथे आहे.

उलटं झालं तर? वीजवाहिनीत बिघाड होऊन मागणी अचानक तुटली, तर तोट्या पटकन बंद कराव्या लागतात. पण बोगद्यात काही किलोमीटर लांबीचा पाण्याचा खांब धावत असतो. घरातला नळ खाडकन बंद केला की पाइप दणका देतो, तोच दणका इथे डोंगर हादरवील. म्हणून बोगद्याच्या टोकाला, उभे नळ सुरू होण्याआधी, मोठी उभी विहीर खोदलेली असते. थोपलेलं पाणी तिच्यात उसळून चढतं, खाली येतं, पुन्हा चढतं आणि शांत होतं. तिला उल्लोळ विहीर म्हणतात.

पोफळीचं काम संपलं तरी पाण्याची सुटका नाही. ते कोळकेवाडीच्या धरणात अडतं आणि तिथून सुमारे ११० मीटर आणखी उतरून तिसऱ्या टप्प्याची चाकं फिरवतं. मग कालव्यानं वाशिष्ठीत येतं. हेच तुमचं अवजल. धरणाच्या पायथ्याचे दोन छोटे संच धरून कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट आहे. पण यंत्रं वर्षभर अहोरात्र चालवण्याइतकं पाणी नाही. कृष्णा पाणीतंट्यातल्या बच्छावत लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसी पाणीच पश्चिमेला वळवायला परवानगी दिली आहे. मोठी ताकद आणि मोजका शिधा असेल, तर तो भूक सर्वांत जास्त असेल तेव्हाच काढायचा. कोळशाचं केंद्र थंड असेल तर पेटायला तासन् तास लागतात, कोयनेचा संच काही मिनिटांत वीज देतो. म्हणून कोयना सकाळ-संध्याकाळच्या चढत्या मागणीसाठी राखून ठेवतात.

मग पाण्यातलं काय कमी झालं?

वीज काढल्यामुळे झालेली वजाबाकी आधी सांगतो, कारण ती आहे, आणि तुमच्या आजोबांना ती ऐकून आनंद होईल. पाणी धबधब्यानं पडतं तेव्हा त्याची सगळी ऊर्जा तळाशी घुसळणीत जाते आणि तिची उष्णता होते. ४७५ मीटर पडलेलं पाणी यामुळे सुमारे १.१ अंशानं तापलं पाहिजे. जेम्स जूल १८४७ मध्ये लग्नानंतर आल्प्समध्ये गेले असताना थर्मामीटर घेऊन धबधब्याच्या माथ्याचं आणि पायथ्याचं तापमान मोजायच्या खटपटीत होते, अशी आठवण विल्यम थॉमसन यांनी सांगितली आहे. पोफळीत ही ऊर्जा तारेनं निघून जाते, म्हणून पाणी तेवढं तापत नाही. वीज काढल्यानं पाण्यातून गेलं ते एवढंच, एक अंशाची ऊब. त्यानं भाजीचं काही बिघडत नाही.

पण आजोबा ज्याला कस म्हणतात तो गेलाय, आणि तो वीजगृहात पाणी शिरण्याआधीच गेलाय. तो पाणी थांबवल्यामुळे गेला.

पहिला कस गाळाचा. नदीचं पुराचं पाणी मातकट असतं आणि ती मातीच शेताचं खत असते. जलाशयात पाणी निवांत होतं, गाळ तळाशी बसतो, आणि बोगद्यात शिरतं ते निवळलेलं पाणी. त्यात रोपाला पाणी मिळतं, माती मिळत नाही. वाशिष्ठीला स्वतःच्या ओढ्या-नाल्यांचा गाळ पावसाळ्यात अजून मिळतो, पण उन्हाळ्यात वाहणारं अवजल मात्र निव्वळ पाणी असतं. आजोबांच्या ‘अंग धरत नाही’चं मूळ इथे असणं अगदी शक्य आहे.

दुसरा कस प्राणवायूचा. खोल जलाशयात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वरचं तापलेलं, हलकं पाणी वर तरंगतं आणि तळाचं गार, जड पाणी त्याच्याशी मिसळत नाही. तळाशी कुजणारा पालापाचोळा तिथला प्राणवायू संपवतो. तो संपला की दगडमातीतलं लोह आणि मँगनीज पाण्यात विरघळू लागतं, सडक्या अंड्यासारखा वास धरणारा वायू तयार होतो. असं तळाचं पाणी बाहेर आलं, की त्याची खूण डोळ्यांना दिसते आणि नाकालाही कळते. वासाबरोबर, पाण्यातल्या गोट्यांवर तांबूस-काळा लेप चढतो.

यात तुमच्या बाजूचं नशीब थोडं बरं आहे. पेल्टन चाक हवेत फिरतं, झोत त्याच्यावर फुटून उधळतो आणि पाण्यात हवा मिसळते. पूर्ण बुडून फिरणाऱ्या टर्बाइनमधून पाणी जातं तेव्हा त्याला अशी हवा लागत नाही. माशांना आरामात जगायला लिटरमागे साधारण ५ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. तो दोनच्या खाली गेला, की मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडमीट करू लागतात. प्राणवायू कमी पडल्याची ही सर्वांत जुनी आणि बिनखर्चाची तपासणी.

माशांचं काय बिघडलं?

इथे आपल्याला घाट चढून आजोळी जावं लागेल. वाशिष्ठीला पाणी मिळालं आणि कोयनेचं गेलं, पण माशाच्या दृष्टीनं पाण्यापेक्षा मोठी गोष्ट गेली. तिचा जून महिना गेला.

खडशी म्हणजे दख्खनचा महसीर. त्याचं शास्त्रीय नाव टोर खुद्री. १८३९ मध्ये कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशाचं वर्णन केलं, तेव्हा लोकांच्या तोंडचंच नाव लॅटिन वळणानं घेतलं. मोठ्या खवल्यांचा, प्रवाहाच्या उलट पोहणारा हा मासा एरवी डोहात राहतो. पावसाळ्याचं पहिलं गढूळ पाणी आलं, प्रवाह चढला, की तो वर निघतो. त्याला हवं असतं उथळ, खळाळतं, गोट्यांच्या तळाचं पाणी. मादी तिथे पिवळसर अंडी सोडते. ती जड असल्यानं तळाशी जातात आणि गोट्यांच्या फटींत अडकतात. फटींतून ताजं पाणी खेळतं राहिलं, तर तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात. पुढचे काही दिवस तीही तळाशीच पडून असतात, पोहत नाहीत. मासा अंड्यांची निगा राखत नाही. त्याच्या वतीनं नदीनं ती राखायची असते.

या कहाणीत धरण किती ठिकाणी आडवं येतं ते बघा.

वर जायची वाट बंद होते, हे तर उघड आहे. पण वाट मोकळी असती तरी अडचण होतीच, कारण निरोप पोहोचत नाही. जूनमध्ये जलाशय वर्षातला सर्वांत रिकामा असतो. पहिल्या पावसाचं सगळं पाणी तो पोटात घेतो. दरवाजे उघडायची वेळ येते ती बहुधा जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये, तोवर माशाचा मुहूर्त उलटून जातो. मग पाणी येतं ते हजारो क्युसेकच्या लोंढ्यानं, आणि दरवाजे बंद झाले की तितक्याच झपाट्यानं ओसरतं. काठाच्या उथळ पाण्यात अंडी घातली असतील, तर ती उघडी पडतात.

तळही बदलतो. वरून नवे गोटे आणि वाळू येणं थांबतं, कारण ती जलाशयाच्या तोंडाशीच बसते. गाळ नसलेलं पाणी खालच्या पात्रातली बारीक रेव उचलून नेतं, तिच्या जागी नवी येत नाही. काही वर्षांनी तळाला उरतात मोठे धोंडे आणि उघडा कातळ. त्यात अंड्यांना फटी मिळत नाहीत.

धरणाच्या वरच्या बाजूला चित्र वेगळं आहे. तिथे सोळशी, कांदाटीसारख्या नद्या जलाशयाला येऊन मिळतात, पावसाळ्यात त्यांना खरा पूर येतो आणि जलाशयात वाढलेल्या माशाला त्यांत चढायची वाट मोकळी असते. म्हणजे धरणानं नदीचे दोन तुकडे केले. वरच्या तुकड्यात अजून ऋतू आहेत, खालच्या तुकड्यात ते निघून गेले.

जलाशयातला मासा चुकून बोगद्यात शिरला, तर पोफळीच्या बाबतीत उत्तर कठोर आहे. ४७ पट दाबाखालून तो क्षणार्धात उघड्या हवेच्या दाबात येतो. पोटातली हवेची पिशवी एकदम फुगते. महसीरच्या कुळातल्या माशांना ती हवा तोंडावाटे सोडता येते, पण त्यासाठी वेळ लागतो आणि इथे तो मिळत नाही. बुबुळं बाहेर आलेला, परांच्या मुळाशी रक्त साकळलेला मासा दिसला, तर तो दाबानं मेला असं समजावं. कमी हेडच्या, हळू फिरणाऱ्या टर्बाइनमधून बरेच मासे जिवंत सुटतात. कोयनेसारख्या कड्यावरून नाही.

तुमच्या बाजूला, वाशिष्ठीत, नेमकं उलटं घडलं. एप्रिल-मे महिन्यांत जी नदी डोहाडोहांत तुटायला हवी, तिच्यात अवजल वाहतं. त्यामुळे चिपळूणला उन्हाळ्यात पाणी मिळतं, आणि वीजनिर्मिती थांबली की तिथली पाणीयोजनाही अडचणीत येते. पण खाडीच्या माशाला उन्हाळ्यात चढणारं खारं पाणी हवं असतं, ते गोड्या पाण्यानं खाली रेटलं जातं. समुद्रात जन्मून नदीत वाढायला येणाऱ्या अहिरासारख्या माशाला प्रवाहाचा माग काढत वर जायचं असतं, आणि त्या मागाच्या शेवटी कोळकेवाडीची भिंत आहे.

यावर उपाय नाही का?

लोक पहिल्यांदा मत्स्यसोपानाचं नाव घेतात. पायऱ्यापायऱ्यांचा हा पाणमार्ग उड्या मारणाऱ्या सामन माशांसाठी आणि कमी उंचीच्या बंधाऱ्यांवर चालतो. १०३ मीटरची भिंत आणि वर्षभर वरखाली होणारी जलाशयाची पातळी यांच्यापुढे तो टिकत नाही. मोठा मासा कसाबसा चढला, तरी इवलीशी पिल्लं अनेक किलोमीटरच्या निश्चल पाण्यातून प्रवाहाविना खाली यायची कशी, हा प्रश्न उरतोच.

दुसरा उपाय मत्स्यबीजाचा. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीनं १९७०च्या दशकापासून महसीरची पैदास चालवली आहे. डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि त्यांच्यासोबत शशांक ओगले यांनी तिथे नर-मादी हातात धरून अंडी फलित करण्याचं आणि वाहत्या पाण्याच्या तबकांत ती उबवण्याचं तंत्र बसवलं. ते यशस्वी झालं, देशभर पिल्लं गेली. मात्र कावेरीत सोडलेला हा दख्खनचा महसीर तिथे इतका फोफावला, की त्याच काळात कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर नामशेष होण्याच्या काठावर आला, असं पुढे अभ्यासकांनी दाखवलं. तबकात मासा तयार होतो, नदी तयार होत नाही.

तिसरा उपाय थेट दुखण्यावरचा आहे. नदीला तिच्या जूनमधला थोडा भाग परत द्यायचा. त्याची किंमत मोजता येते, म्हणून मोजू. एक टीएमसी म्हणजे आपल्या २ कोटी ८३ लाख टाक्या. पश्चिमेला पोफळी आणि कोळकेवाडी अशा दोन उड्या मारून हे पाणी साधारण ४ कोटी युनिट देतं. तेच पायथ्याच्या वीजगृहातून कोयनेत सोडलं, तर दोन्ही संच मिळून २,१०० क्युसेकनं ते संपायला साडेपाच दिवस लागतील आणि सुमारे अर्धा कोटी युनिट मिळेल. म्हणजे साडेपाच दिवस नदी चढती ठेवण्याची किंमत झाली साडेतीन कोटी युनिट, पश्चिमेच्या वर्षभराच्या उत्पादनाच्या दीड टक्क्याहून कमी.

पण यालाही मर्यादा आहेत आणि त्या लपवू नयेत. जूनमध्ये पाण्याची पातळी सांडव्याच्या दरवाजांच्या खाली असते, म्हणून पाणी पायथ्यातूनच सोडावं लागेल. ते खोलातलं, गार, स्वच्छ आणि प्राणवायू कमी असलेलं असेल. माशाला कळणारा निरोप मात्र कोमट, गढूळ पाण्याचा असतो. शिवाय २,१०० क्युसेकनं गोटे हलत नाहीत, त्याला खरा पूर लागतो. म्हणून जिथे धरणं नव्यानं बांधतात तिथे वेगवेगळ्या उंचीवर पाणी घेण्याची दारं ठेवायला हवीत, म्हणजे वरच्या थरातलं कोमट पाणीही सोडता येतं. जुन्या धरणांबाबत निदान पाणी एकदम न चढवता-उतरवता हळूहळू बदलणं आणि किमान प्रवाह बांधून घेणं शक्य आहे. वरच्या गंगेसाठी केंद्र सरकारनं २०१८ मध्ये असं बंधन घातलं. तिथे पावसाळी महिन्यांत येणाऱ्या पाण्याच्या ३० टक्के आणि हिवाळ्यात २० टक्के पाणी नदीत सोडावं लागतं.

शेवटी तुम्हाला एक काम सांगतो, म्हणजे हे सगळं माझ्या शब्दावर ठेवायला नको. एप्रिलमध्ये परड्यामागच्या काठावर, पात्रात न उतरता, खुणांची एक काठी रोवा. अवजल भोंग्याशिवायही चढू शकतं, म्हणून काठावरूनच वाचायची. पंधरा दिवस दर तासाला पाणी कुठवर आलं ते टिपून ठेवा. तुमचं घर खाडीच्या पाण्याच्या टप्प्यात असेल, तर तुम्हाला दोन प्रकारचे चढ दिसतील. एक चढ रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरानं येईल. ती भरती, तिचं घड्याळ चंद्राचं. दुसरा चढ जवळपास त्याच त्याच वेळी येईल, आणि सुट्टीच्या दिवशी कदाचित थोडा कमी असेल. ते अवजल. वही आजोबांना दाखवा आणि विचारा, त्यांच्या लहानपणी या नदीला यांतलं कोणतं घड्याळ होतं.